रिक्षाचं छापील बिल आणायचं कुठून?

चार दिवस झाले, खर्चाच्या परताव्याचे नवे नियम स्टाफला समजावणारी प्रश्नोत्तरं लिहितेय. एका प्रश्नावर गाडी अडलीय आणि आज डोकं सणकलंय. प्रश्न साधा आहे: रिक्षाचे पैसे मिळतील का? वरून आलेलं उत्तर: "मूळ बिल जोडल्यास मिळतील."

अहो, मुंबईत मीटरच्या रिक्षाचं बिल कोणी कधी पाहिलंय? मी खालीच लिहिलं होतं की पावती मिळत नाही, तर म्हणे जीपेचा स्क्रीनशॉट लावा. लावला! परवा आमच्या वसुलीच्या पोराने लावला. क्यूआर रिक्षावाल्याच्या बायकोच्या नावावर. अकाउंट्सने शेरा मारला, "व्यक्तिगत व्यवहार, नामंजूर." त्यावर कुठून कुठे गेला तेही दिसत नाही म्हणे. ते कुठल्या स्क्रीनशॉटवर दिसतं?

त्याचा तो दिवस बघा. अंधेरीच्या ऑफिसातून स्टेशनपर्यंत रिक्षा ५८ रुपये, मग चर्चगेट लोकल, तिथून फोर्टला टॅक्सी, किमान भाडं ३१. पास बोरिवली-अंधेरीचा, म्हणून पुढचं तिकीट वेगळं काढलं. क्लेममध्ये पास झालं ते फक्त तिकीट, कारण तेवढाच छापील कागद. बाकी ८९ रुपये त्याच्या खिशातून. महिन्यात असे बारा-पंधरा दिवस भरतात, पगार बावीस हजार. आणि साहेबांची ॲपवरची कॅब, साडेचारशेची, पीडीएफ असल्यामुळे दोन दिवसांत खात्यात!

मी उत्तर लिहून दिलं होतं. घर ते ऑफिस मिळणार नाही, तो ज्याचा त्याचा खर्च. घरून थेट पार्टीकडे गेलात तर रोजच्या खर्चापेक्षा जास्त लागले तेवढेच मिळतील. पास आहे तिथलं तिकीट मिळणार नाही. आणि रिक्षा-टॅक्सीला कन्व्हेयन्स व्हाउचर: तारीख, कुठून कुठे, कोणाला भेटायला, मीटरची रक्कम, स्वतःची सही, वरिष्ठाची सही. खोटं लिहिलं तर पकडायलाही सोपं, अंतर आणि मीटर जुळवून बघा, पार्टीला फोन करा. इतकी वर्षं ऑडिटर हीच व्हाउचरं बघून पुढे जातात. आयकराची रोख खर्चाची मर्यादा एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांची आहे. कायद्याला ५८ रुपयांचं पडलेलं नाही, आमच्याच लोकांना पडलंय!

त्यांनी व्हाउचरचा अख्खा परिच्छेद उडवला. "गैरवापर होईल." म्हणजे उन्हातान्हात फिरून कंपनीचे पैसे वसूल करून आणणारा माणूस अठ्ठावन्न रुपयांसाठी चोर!

उद्या दुपारपर्यंत फाइल पाठवायचीय. तो परिच्छेद मी परत घातलाय, जसाच्या तसा. काढायचा असेल तर मेलवर लिहून काढा, स्वतःच्या नावानिशी. माझ्या नावाने "मूळ बिल जोडा" हे वाक्य जाणार नाही.