एका आकड्याची चूक आणि पाचशे रुपयांचं चलन

"ई-चलन आलं तर ऑनलाइन तक्रारीच्या नादी लागू नका, तिथे कोणी काही वाचत नाही. 15 दिवसांत मेसेज आला नाही तर चलन आपोआप रद्द होतं. सहा महिने थांबलात तरी बाद होतं. नाहीतर लोकअदालतीत निम्म्यात मिटतं. घाई असेल तर आधी भरून टाका, मग तक्रार करून पैसे परत मागा. सर्वांना पाठवा."

हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंना हेल्मेट नसल्याचं पाचशेचं चलन आलं होतं. चलन होतं दोनशे किलोमीटरवरच्या एका शहरातलं. काकूंची स्कूटर भाजी मंडई आणि नातीची शाळा यापलीकडे जात नाही. त्यांची तक्रार आम्ही दोनदा केली. पहिली फेटाळली गेली, दुसरी मान्य झाली. दोन्ही एकाच पोर्टलवर, एकाच चलनाबद्दल होत्या. म्हणून आधी पहिल्या मुद्द्याचं उत्तर देतो आणि तेच सविस्तर देतो.

पहिल्या वेळी काकूंनी स्वतःच लिहिलं होतं: "मी त्या गावाला कधीच गेलेले नाही. चलन रद्द करावे." सोबत आधार कार्ड जोडलं. तपासणाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याच्यासमोर एक फोटो आहे, फोटोवर एक नंबर आहे आणि तक्रारदार म्हणतोय की मी तिथे नव्हतो. गाडी दुसरं कोणीही नेऊ शकतं. आधार कार्डावरून गाडीबद्दल काहीच कळत नाही. चलन कायम राहिलं यात नवल नाही. ते वाचलं गेलं होतं, पण त्यात तपासण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी चलनाचा फोटो उघडला. `mahatrafficechallan.gov.in` वर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलनांची यादी येते आणि प्रत्येक चलनासोबतचा फोटो बघता येतो. हे चार आकडे आरसी बुकात असतात. काकूंनी फोटो उघडलाच नव्हता, आणि बहुतेक लोक उघडत नाहीत. फोटोत काळी मोटरसायकल होती, मागून काढलेली. नंबरप्लेटवर चिखल होता आणि शेवटच्या चार आकड्यांतला पहिला आकडा 3 होता. प्लेटच्या कडेला चिखल बसल्यामुळे तो 8 सारखा दिसत होता. चलन करणाऱ्याने 8 टाकला आणि ते काकूंच्या स्कूटरवर लागलं.

मग `Grievance` मध्ये आम्ही एवढंच लिहिलं:

"चलन क्रमांक अमुक. चलनाच्या फोटोतील वाहन काळ्या रंगाची मोटरसायकल आहे. माझे वाहन पांढरी स्कूटर आहे, आरसी जोडली आहे. फोटोतील नंबरप्लेटवर शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिला आकडा 3 आहे, चलनात 8 नोंदला आहे. मोठा करून घेतलेला भाग जोडला आहे. फोटोतील वाहन माझे नसल्याने चलन माझ्या वाहनावरून काढावे."

सोबत तीन गोष्टी जोडल्या. चलनाचा फोटो, त्यातली प्लेट मोठी करून आकड्याभोवती लाल गोल काढलेला. आरसीची प्रत, ज्यात वाहनाचा प्रकार आणि रंग लिहिलेला असतो. आणि स्कूटरचा मागून, प्लेट स्पष्ट दिसेल असा त्याच कोनातला फोटो. स्टॅम्प पेपर नाही, वकील नाही. तपासणाऱ्याला दोन फोटो शेजारी ठेवून अर्ध्या मिनिटात फरक दिसावा, एवढाच हेतू होता. तीन आठवड्यांनी बघितलं तर चलन यादीतून गेलं होतं.

जोडताना लोक दोन चुका करतात. एक म्हणजे मोबाइलवरून सरळ आरसीचा तिरका, सावली पडलेला फोटो टाकतात. मग वाहनाचा प्रकार वाचताच येत नाही आणि पुरावा असूनही नसल्यासारखा होतो. दुसरी म्हणजे एकाच तक्रारीत चार चलनं घालतात. चलन क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असतो, तपासही वेगळा होतो. म्हणून चलनागणिक वेगळी तक्रार करा, आणि तक्रार दाखल झाल्यावर जो क्रमांक दिसतो त्याचा स्क्रीनशॉट तिथल्या तिथे काढून ठेवा.

जुळणी आणखी अवघड होते ती फोटोत तुमच्यासारखीच गाडी, त्याच रंगाची आणि त्याच नंबरची असते तेव्हा. म्हणजे कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. अशा वेळी नुसती पोर्टलवरची तक्रार पुरत नाही. आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच पोर्टलवर जोडा. शिवाय दोन गाड्यांतले फरक शोधा: मडगार्डवरचा ओरखडा, आरसा, मागचं स्टिकर, सीट कव्हर. त्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला असेल तर गॅरेजचं तारखेचं जॉब कार्ड जोडा. चारचाकी असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट काढा, त्यात तुमची गाडी त्या दिवशी कुठल्या टोलनाक्यावर होती ते दिसतं. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरचंही पान चालतं, पण वेळ लिहिलेली हवी.

काही तक्रारी टिकत नाहीत, हेही सांगतो. गाडी विकली पण नाव बदललं नाही, हे कारण सगळ्यांत जास्त ऐकू येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्यानेही, व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर 14 दिवसांत, आरटीओला कळवायचं असतं. तोवर कागदावर मालक तुम्हीच. विक्रीची नोटरी जोडून माझा संबंध नाही म्हटलं तरी चलन तुमच्याच नावावर राहू शकतं. तिथे घेणाऱ्याला गाठून नाव बदलून घेणं हाच उपाय.

आता 15 दिवसांबद्दल. हा आकडा हवेतला नाही. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167 ए हा नियम आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून 15 दिवसांत पाठवावी आणि चलन निकाली निघेपर्यंत त्याची इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवावी, असं त्यात म्हटलं आहे. पण मुदत चुकली की चलन आपोआप रद्द होतं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. उशीर हा तुमचा आक्षेप आहे. तो तुम्ही मांडायचा, तारखा दाखवायच्या, आणि मान्य करायचा की नाही हे समोरच्या अधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने ठरवायचं. मेसेज न येण्याचं साधं कारण बहुतेकदा घरातच असतं: आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असतो. काकूंचा तर काकांच्या बंद पडलेल्या सिमचा निघाला. तो परिवहन पोर्टलवर बदलता येतो, आणि ते आजच करून टाका.

याच नियमातला दुसरा भाग मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही, आणि उपयोगाचा तोच आहे. कॅमेऱ्याच्या चलनात गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम असावं लागतं. वेगाचं चलन असेल तर यंत्राने मोजलेला वेगही. यातलं जे नसेल ते नेमकं नाव घेऊन तक्रारीत लिहा. "फोटो धूसर आहे" यापेक्षा "फोटोत नंबरचे शेवटचे दोन आकडे वाचता येत नाहीत" हे वाक्य तपासणाऱ्याला पडताळता येतं.

सहा महिन्यांची गोष्टही अशीच अर्धी आहे. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, ही मर्यादा फौजदारी प्रक्रियेत आहे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये. ती न्यायालयाला लागू आहे. पोर्टलवरची नोंद त्यामुळे पुसली जात नाही, आणि प्रकरण वेळेत न्यायालयात गेलेलं असेल तर हा मुद्दाच उरत नाही. गप्प बसलेल्या माणसाचं चलन तसंच पडून राहतं आणि गाडी विकायला काढली की घेणारा पहिल्यांदा तेच उघडून दाखवतो. त्यातही नोटिशीवर उत्तर द्यायची मुदत लिहिलेली असते. ती उलटून गेल्यावर चांगला पुरावाही उशिराचा ठरतो.

लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तुमच्या हातून चूक झाली असेल आणि जुनी चलनं साचली असतील, तर तिथे जरूर जा. सवलत किती मिळेल हे मात्र आधीपासून ठरलेलं नसतं. पण गाडीच तुमची नसेल, तर तिथे मिटवणं म्हणजे दुसऱ्याचा गुन्हा आपल्या नावावर घेणं. काकूंनी हेच करायचं ठरवलं होतं, अडीचशेत सुटेन म्हणून. हेल्मेटच्या कलम 194 डी मध्ये दंडाबरोबर तीन महिने परवाना निलंबित करण्याची तरतूद आहे, हे दाखवल्यावर त्या थांबल्या. शिवाय लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

आणि शेवटचा सल्ला, आधी भरायचा, सगळ्यांत जास्त नुकसान करणारा आहे. दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली गुन्हा आपसात मिटवणं. ते झालं की प्रकरण बंद. मग कशाविरुद्ध तक्रार करणार? तक्रार करायची असेल तर निकाल येईपर्यंत त्या चलनासमोरच्या खुणेच्या चौकोनाला हात लावू नका. यादीत चार चलनं असतील आणि तीन खरी असतील, तर तीनच निवडून भरा.

तक्रार फेटाळली गेली तरी दार बंद होत नाही. नवा पुरावा असेल तर पुन्हा लिहा, नाहीतर न्यायालयात गुन्हा नाकबूल करता येतो. त्यात दिवस मोडतो, हे खरं आहे. पाचशे रुपयांसाठी तो मोडायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि हो, चलनाच्या मेसेजमधली लिंक उघडून काही डाउनलोड करायला सांगितलं, विशेषतः `.apk` फाइल, तर ते चलन नाही, फसवणूक आहे. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा. काकूंनी तो आता फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय, खाली चासीचे चार आकडेही.