काकूंची उशी

परवाच्या लग्नात मला जिलबी मिळाली नाही. राग अजून आहे, म्हणून हा लेख.

चिरंजीव साडेनऊ महिन्यांचे. मुहूर्त आणि त्यांची झोप एकाच वेळी आली. नवरीच्या खोलीत, साड्यांच्या ढिगाऱ्यामागे बसून मी त्याला पाजायला घेतलं, पाच मिनिटांत स्वारी पेंगली, आणि तेवढ्यात वरपक्षाकडच्या एक काकू आत आल्या.

"अगं, पाजत पाजत झोपवतेस? सवय लागते हो!"

"लागलीच आहे, काकू."

"आमच्या सुहासला मी असलं काही लावलंच नाही. झोळीत टाकला की झोपायचा."

"किती वर्षांचा होईपर्यंत?"

"साडेतीन." मग जरा थांबून, "पाय बाहेर यायला लागले म्हणून काढली."

झोळी ही सवय नव्हे, संस्कार. पुढची दहा मिनिटं मला सुहासचे दात, सुहासचं पोट आणि सुहासची हल्लीची नोकरी यांवर व्याख्यान मिळालं. बाहेर मंगलाष्टकं संपली. व्याख्यान संपवून काकूंनी पिशवीतून एक उशी काढली. घरची, फुलाफुलांच्या अभ्र्याची. "मला बाई दुसऱ्या उशीवर डोळा लागत नाही," म्हणाल्या, आणि गादीवर आडव्या झाल्या.

यावर मी काही बोलले नाही. माझ्या मांडीवर बाळ होतं.

खरं तर आमच्याकडे तीन आठवडे हीच सवय सोडवायचं चाललंय. अंगावर पिता पिता झोप येणं यात बिघाड काही नाही. चोखण्यानं बाळ शांत होतं, पोट भरतं, डोळे मिटतात. प्रश्न पुढचा. बाळाची झोप साधारण पाऊण ते एक तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि प्रत्येक फेरी संपताना ते अर्धवट जागं होतं. झोप लागताना तोंडात आई होती, आता नाही, म्हणजे कोणीतरी फसवलं! मग भोंगा. आमच्याकडे रात्रीत सात वेळा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ रात्री भुकेनंही उठतं, तिथे हा खेळ खेळायचा नाही. आमच्या डॉक्टरांनी वजन बघून हरकत नाही म्हटल्यावरच मी सुरुवात केली. आणि जिला सात वेळा उठायला त्रास होत नाही, तिनं काहीच बदलायची गरज नाही. मला होत होता.

सुरुवात फक्त रात्रीच्या पहिल्या झोपेपासून, कारण तेव्हा बाळ सगळ्यात दमलेलं असतं. कान देऊन ऐकायचं. आधी घोट गिळल्याचा आवाज येतो, मग तो विरळ होतो, मग नुसते ओठ थरथरतात. म्हणजे आता दूध कमी आणि चाळा जास्त. त्या क्षणी ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवून पकड सोडवायची (नुसतं ओढलं तर आई किंचाळते), आणि हनुवटीखाली बोट हलकं धरून ठेवायचं. शोधायला लागला तर परत द्यायचं, दोन मिनिटांनी परत काढायचं. पहिल्या रात्री सहा वेळा दिलं. नवव्या रात्री दोनदा.

पाजत असतानाच पाठीवर थोपटणं आणि एकच ठरलेली अंगाई चालू ठेवायची, म्हणजे तीही झोपेशी जोडली जाते. मग रोज जरा लवकर, डोळे उघडे असतानाच काढायचं. थोपटणं मात्र चालू. तेही पुढे हळूहळू कमी करायचं. दुधाचा वास न येणारा माणूस थोपटायला असेल तर सोपं जातं. आमच्याकडचा असा माणूस अंगाईत तिसऱ्या ओळीला स्वतःच झोपतो. ताप असला, दात येत असले किंवा परक्या घरी असलो की हे सगळं कोलमडतं. तेव्हा मुकाट्यानं पाजायचं. मंगल कार्यालयात स्पीकर खिडकीशी लावलेला असताना मी तेच केलं होतं, आणि तेच काकूंना दिसलं. थोपटणाऱ्या बापाला मात्र "सवय लावलीस" असं कोणी म्हणत नाही. तो तेव्हा पंगतीत होता.

तर काकू घोरत होत्या. एवढ्यात कुठलीशी करवली धावत आली, नवरीच्या पाठीला टेकायला म्हणून ती फुलाफुलांची उशी हळूच ओढून पळाली. काकू हलल्यासुद्धा नाहीत. मी घड्याळ बघितलं. वीसेक मिनिटांनी त्यांनी कूस बदलली, गाल गादीला लागला, हात चाचपडला, आणि पुढच्या क्षणी ताडकन उठून बसल्या.

"माझी उशी कुठाय?"

त्या आवाजानं चिरंजीव उठले. दोघंही ओरडत होते. एकाला परत पाजलं, दुसऱ्यांची उशी शोधायला मलाच पाठवलं. उशी मिळाली तोवर शेवटची पंगत उठली होती. वाढप्यानं पातेल्यात बघितलं आणि म्हणाला, "ताई, मठ्ठा आहे."