नवी ट्यूब टाकूनही दिवा लुकलुकतोय: एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमचा लेख वाचून वॉटर प्युरिफायरची यूव्ही ट्यूब बदलली. पैसे गेले आणि लाल दिवा तसाच लुकलुकतोय, पाण्याचा थेंब नाही. मेकॅनिक म्हणतो, सेन्सर गेलाय, बायपास करून देतो, पाणी सुरू होईल. नळाला पाणी कॉर्पोरेशनचंच, उन्हाळ्यात तेवढा टँकर. मग बायपासला हरकत काय? असे अर्धवट लेख लिहून लोकांना खर्चात का पाडता?»
— एक वाचक, धायरी

नमस्कार. वैताग रास्त आहे, पण बायपास तेवढा करू नका. सेन्सर गेलाय हेही अजून सिद्ध झालेलं नाही.

आधी बायपासचं बोलू. ट्यूबमधून पुरेसा प्रकाश मिळतोय असा निरोप सेन्सरकडून आला की मशीनमधलं सर्किट सोलेनॉइड व्हॉल्व्हला वीज देतं, 'टक' असा आवाज होतो आणि पाणी सुटतं. निरोप नाही आला तर पाणी अडतं. बायपास म्हणजे तो निरोप कायमचा खोटा पाठवत राहणं. पुढे ट्यूब खरोखर गेली तरी हिरवा दिवा लागेल, पाणी येत राहील आणि घरात कुणाला पत्ता लागणार नाही. तपासणीपुरतं मिनिटभर सेन्सरला वळसा देऊन ते पाणी बादलीत ओतून टाकलं तर हरकत नाही. ते प्यायचं मात्र नाही. पाणी कॉर्पोरेशनचं असलं तरी ते सोसायटीच्या दोन टाक्यांतून तुमच्यापर्यंत येतं. शिवाय तुम्ही पुण्याच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात राहता. 2025 च्या जानेवारीत तिकडे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावरच गेला, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता मूळ दुखणं. तुमच्या प्रतिक्रियेत मला महत्त्वाचा वाटला तो 'टँकर' हा शब्द. आपल्याकडचा टँकर बहुतेक वेळा बोअरचं जड पाणी आणतो. ट्यूब पाण्यात बुडालेली नसते, ती क्वार्ट्झच्या नळीत असते आणि पाणी त्या नळीभोवती फिरतं. पेटलेल्या ट्यूबने नळी कोमट होते, म्हणून पाण्यातला क्षार तिथेच आधी धरतो, गीझरच्या कॉइलवर धरतो तसाच. नवी ट्यूब त्याच मळक्या नळीत बसवली की आत ती लख्ख पेटते, पण बाहेर प्रकाश पोचत नाही आणि सेन्सर इमानदारीने पाणी अडवतो.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये हेच झालं होतं. ट्यूब नवी, चोकही बदललेला, तरी लुकलुक चालूच. नळी काढली तर तिच्यावर नखाला खरखरीत लागणारा पांढरा थर. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून नळी अर्धा तास त्यात ठेवली, मऊ फडक्याने पुसली, आतून कोरडी केली आणि परत बसवली. तरीही दिवा लुकलुकतोच! कारण नळी ज्यात बसते त्या चेंबरच्या भिंतीत सेन्सरची छोटीशी काच असते, तिच्यावरही तोच थर होता. ती पुसल्यावर पाणी सुरू झालं. ही काच मेकॅनिकही हमखास विसरतात.

तुमच्याकडे हेच करून बघा. आधी प्लग काढा आणि मशीनला येणारं पाणी बंद करा. ट्यूब उघडी असताना चुकूनही पेटवू नका, डोळ्यांना इजा होते. नळीचे रबरी रिंग नीट बसवा आणि नट हातानेच आवळा, जोर लावला की क्वार्ट्झ तडकतं. सुरू केल्यावर पहिलं दोन-तीन लिटर पाणी सोडून द्या.

यात एक मेख आहे. काही मशीन प्रकाश बघतच नाहीत, ट्यूबमधून करंट वाहतोय का एवढंच बघतात. चेंबरला सेन्सरची वायर दिसत नसेल तर तुमचं बहुधा त्यातलं. तिथे नळीच्या मळाने लुकलुक होणार नाही. दोष चोकमध्ये किंवा ट्यूबच्या सॉकेटमध्ये शोधायचा. ओल लागून सॉकेटच्या पिना हिरवट झाल्या असतील तर आधी त्याच साफ करायच्या. अशा मशीनमध्ये नळी दर सहा महिन्यांनी आपणच पुसायची, कारण तिथे इशारा देणारं कुणी नाही. आणि ट्यूब निळी दिसते म्हणून ती ठीक, असंही समजू नका. जंतू मारणारा 254 नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. तो ओसरला तरी निळा उजेड तसाच राहतो.

काही मॉडेलमध्ये ट्यूब किती तास चालली ते मोजणारा काउंटर असतो. ट्यूब बदलून तो रीसेट केला नाही तरी दिवा लुकलुकत राहतो. मेकॅनिकला हे विचारा, फुकटात सुटेल.

नळी स्वच्छ, सेन्सरची काच स्वच्छ, कनेक्टर घट्ट, काउंटर रीसेट, ट्यूब आत सलग पेटलेली, आणि तरी पाणी अडलेलं असेल, तर सेन्सर गेला म्हणायला जागा आहे. तेव्हा त्याच मॉडेलचा नवा बसवून घ्या. तोवर पाणी उकळून प्या.