पंधरा शब्दांची गोष्ट

लग्नपत्रिकेचा मजकूर, श्रद्धांजलीचा फलक आणि गणेश मंडळाची वर्गणीपावती या तिन्ही साहित्यप्रकारांत आमच्या तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. त्यामुळे दूध संघाने जनावरांच्या डॉक्टरसाठी हेल्पलाइन सुरू करायची ठरवली, तेव्हा चेअरमन साहेबांनी मलाच बोलावलं. म्हणाले, "सर, फोन लागला की सुरुवातीला जे बोलतात ना, ते लिहून द्या. मशीन बोलल्यासारखं नको. आपलं माणूस बोलल्यासारखं पाहिजे. आणि छोटं."

एक मजकूर तयारच होता. मशीन बसवणाऱ्या पोराने कुठून तरी उतरवून आणलेला. "नमस्कार. अमुक तालुका सहकारी दूध उत्पादक संघ मर्यादित यांच्या पशुवैद्यकीय साहाय्य कक्षात आपले सहर्ष स्वागत आहे. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया लक्षपूर्वक ऐका..." असं करत करत तो पहिल्या आकड्यापाशी पोहोचायचा. मी घड्याळ लावून मोजलं. एकोणतीस सेकंद. तिकडे ओला लसूणघास खाऊन गाय डाव्या अंगाने ढोलासारखी फुगलेली, आणि इकडे तिच्या मालकाचं सहर्ष स्वागत चाललेलं!

मी घरी येऊन 'कृपया' खोडला. विचार करा, आपण बोलताना कधी कृपया म्हणतो का? "कृपया मीठ द्या" असं माझ्या घरात कोणी म्हणालं तर बायको आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. आपली मराठी अदब क्रियापदात असते. 'थांब'चं 'थांबा' केलं, पुढे 'जरा' लावलं, की झालं काम. 'महत्त्वाचा कॉल'ही खोडला. ज्याचा फोन खरोखर महत्त्वाचा असतो त्याला ते सांगत बसत नाहीत, फोन उचलतात.

तर माझा पहिला मसुदा असा होता: "नमस्कार, दूध संघातून बोलतोय. बोला, काय झालं?"

छोटा आहे, माणसासारखा आहे. मी स्वतःवर बेहद्द खूश. संघात काउंटरवर बसणाऱ्या वहिनींच्या आवाजात 'बोलतेय' असा बदल करून तो भरला, त्याच्या मागे "जनावर आजारी असेल तर एक दाबा" वगैरे जोडलं, आणि दोन दिवस चाचणी घेतली. चाचणीपुरते फोन रेकॉर्ड होत होते. ते ऐकायला बसलो आणि माझा घामटा निघाला.

लोक बोलत होते! "काय झालं?" म्हटल्यावर माणूस सांगणारच ना. एक काका आपल्या कालवडीची हकीकत तिच्या आजीपासून सांगत होते. वहिनींचा आवाज मध्येच "एक दाबा" म्हणाला, तर काका म्हणाले, "अगं, ऐकून तरी घे." पुन्हा "दोन दाबा" आल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि संघात येऊन त्या वहिनींशी भांडले. वहिनींना काही पत्ताच नाही.

तेव्हा मला कळलं की अशा मजकुरात माणूसपण किती घालायचं याला मर्यादा आहे. समोर ऐकणारा कान नसेल तर 'बोला' म्हणू नये. ती थापच झाली. आवाज आपल्या माणसाचा असावा, पण वाक्याच्या शेवटी पुढच्याने काय करायचं तेच यावं: दाबा, किंवा थांबा.

मग क्रम. चेअरमन साहेबांचं म्हणणं, सगळ्यात जास्त फोन दहा दिवसांच्या बिलासाठी येतात, तेव्हा बिल पहिलं. हिशोब बरोबर होता, पण बिलवाला दहा दिवस थांबलेला असतो, तो आणखी पाच सेकंद थांबेल. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवतात, तिचा मालकही थांबेल. पोटफुगीचं जनावर मात्र दोन-तीन तासांतसुद्धा दगावतं. मी म्हटलं, साहेब, कोण जास्त येतं ते बघू नका, कोणाला दम नाही ते बघा. साहेबांना पटलं, कारण त्यांची स्वतःची म्हैस एकदा अशीच गेली होती.

म्हशीवरून आठवलं. मी "गाय माजावर असेल तर दोन" लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी फोन आला, "म्हैस असेल तर किती दाबायचं?"

मशीनवाल्या पोराला आणखी एक हौस होती. "तुमच्या आधी अमुक फोन आहेत" असं सांगायचं. म्हणाला, आकडे एकदा भरून ठेवू, मशीन जोडून घेईल. पण ते कुठून जोडणार? इंग्रजीत एक ते एकोणीस आणि वीस-तीस-चाळीस, असे सत्तावीस तुकडे भरले की नव्व्याण्णवपर्यंत गाडी जाते. आपल्याकडे बावन्नमध्ये पन्नास सापडत नाही आणि एकोणसाठ तर साठाच्या घरचा असून पन्नासात राहतो. नव्व्याण्णव आकडे वेगवेगळे भरावे लागतात. त्यातून "एक फोन आहेत" असं व्याकरण. थांबायला किती वेळ लागेल ते सांगायला गेलं, तर मशीनला 'दीड' माहीत नाही; ते "एक पूर्णांक पाच मिनिटे" म्हणालं. आकडे काढून टाकले. त्या जागी "लाइनवर गर्दी आहे, जरा थांबा" एवढंच ठेवलं.

आता रेकॉर्डिंग. वहिनींनी कागद हातात घेतला की त्या पंधरा ऑगस्टच्या भाषणात शिरायच्या. शेवटी मी कागद काढून घेतला आणि विचारलं, "वहिनी, काय काय सांगायचं असतं हो?" त्यांनी सांगितलं, आणि ते आम्ही भरलं. पाठीमागचा कूलर बंद करून.

तरी फोनवर ऐकलं तर सुरुवात "...स्कार, दूध संघ" अशी. लाइन जोडली जाताना पहिला तुकडा गिळला जातो. म्हणून सुरुवातीला अर्धा सेकंद नुसती शांतता ठेवली. आणि 'नमस्कार' किती कामाचा आहे ते तेव्हा कळलं. तो आदरासाठी असेलच, पण तोपर्यंत माणूस फोन कानाला नीट लावतो. गिळला गेला तर नमस्कार जावा, संघाचं नाव नको. माझं मन 'राम राम'कडे ओढत होतं, पण आमच्याकडे सगळेच दूधवाले राम राम म्हणणारे नाहीत.

शेवटी उरलं ते असं: "नमस्कार, दूध संघ. जनावर आजारी असेल तर एक दाबा, माजावर असेल तर दोन. बिलासाठी तीन."

पंधरा शब्द, आठ सेकंद. बोलणं चालू असतानाच आकडा दाबला तर आवाज तिथेच थांबावा, अशी सोय पोराकडून करून घेतली. मानधन विचारलं तेव्हा चेअरमन साहेब कागद उलटा करून बघत म्हणाले, "सर, एवढंच? लग्नपत्रिकेला तर तुम्ही पानभर लिहिता."

नव्या मजकुराचीही दोन दिवस चाचणी झाली. रेकॉर्डिंगमध्ये लोक आता हकीकत सांगत नाहीत. वहिनी "एक दाबा" म्हणतात, पलीकडून कोणीतरी हळूच "बरं" म्हणतं, आणि मग बटणाचा आवाज येतो.