नऊ पिक्सेल आणि त्यातला एक खोटा २५५

«इमेज प्रोसेसिंग व्हायवा, लास्ट मिनिट नोट्स: ३×३ ॲव्हरेजिंग मास्क सगळ्यात बेस्ट. कुठलाही नॉइज जातो, सॉल्ट अँड पेपर पण. एकदा मारून नाही गेला तर दोन-तीनदा मारा. मीडियनने कडा बिघडतात, शिवाय सॉर्टिंगमुळे तो फार स्लो. आणि मीडियनला मास्क म्हणतच नाहीत. सगळ्यांना पुढे पाठवा.»

हे भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर आलं, तिने ते वहीत नीटनेटकं उतरवून घेतलं, आणि मग मला विचारलं, "मामा, बरोबर आहे ना?" नाही. पाचपैकी साडेतीन मुद्दे चूक आहेत, आणि त्यातला एक तर कागदावर दोन ओळींचं गणित केलं असतं तरी लिहिला गेला नसता.

सॉल्ट अँड पेपरमध्ये नेमकं काय होतं? सेन्सरचा एखादा पिक्सेल अडकून बसतो, किंवा डेटा इकडून तिकडे जाताना गडबड होते, आणि ८ बिटच्या चित्रात त्या जागी थेट ० नाहीतर २५५ येऊन बसतं. पिक्सेलची खरी किंमत तिथे अंशानेही उरत नाही. शेजारी मात्र धडधाकट असतात. पिक्सेल आणि त्याचे आठ शेजारी ही झाली ३×३ची खिडकी, आणि मधल्या पिक्सेलची नवी किंमत तिच्यावरून ठरते. नऊ साक्षीदारांपैकी एकजण धडधडीत खोटं बोलतोय. त्याचं म्हणणं बाकीच्यांच्या म्हणण्यात मिसळायचं, की त्याला बाजूला बसवायचं? सरासरी पहिलं करते, मीडियन दुसरं.

आकडे घेऊ. सपाट करडा भाग, सगळीकडे १००, आणि मध्ये एक २५५. सरासरी: आठ वेळा १०० म्हणजे ८००, अधिक २५५, म्हणजे १०५५, भागिले ९, म्हणजे ११७. ठिपका फिका झाला, गेला नाही. आता शेजारच्या पिक्सेलवर या: त्याच्याही ३×३ खिडकीत तोच २५५ आहे, म्हणून तोही ११७ झाला. असे आठही शेजारी. आधी एक पिक्सेल खराब होता, आता नऊ आहेत. मीडियनमध्ये ते नऊ आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि पाचवा उचलायचा: आठ शंभर आणि टोकाला एक २५५, पाचवा १००. ठिपका गेला, शेजाऱ्यांना ओरखडाही नाही.

पूर्ण चित्रात हे केवढं महाग पडतं बघा. १०० पैकी ५ पिक्सेल बिघडलेले असतील, तर ३×३ खिडकीत निदान एक तरी बिघडलेला सापडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के येते. म्हणजे ५ टक्क्यांची घाण सरासरीने ३७ टक्के पिक्सेलांना थोडी थोडी लागते.

आता त्या "दोन-तीनदा मारा"कडे येऊ, कारण डोकं फिरलं ते तिथे. पहिल्या फेरीनंतर ठिपका आणि त्याचे आठ शेजारी सगळे ११७ आहेत. नऊ वेळा ११७ची सरासरी किती? ११७. दुसऱ्या फेरीत ठिपक्याचा मधला पिक्सेल तसूभरही हलत नाही! फक्त डाग ३×३चा ५×५ होतो. तिसऱ्या फेरीत डाग ७×७ आणि मध्यभागी अजून ११०. मूळ ठिपक्यात १५५ जास्तीचे होते. राउंडिंग सोडलं, तर त्या सगळ्या ४९ पिक्सेलांची जादा बेरीज आजही १५५च आहे. सरासरी काही पुसत नाही, वाटून टाकते. पुरेशा फेऱ्या मारल्या की ठिपके दिसेनासे होतात हे खरं, पण तोवर चित्रातलं बाकी सगळंही दिसेनासं झालेलं असतं.

कडांचं तर उलटंच सांगितलंय. डावीकडे ५०, उजवीकडे २०० अशी सरळ उभी कड घ्या. काळ्या बाजूच्या शेवटच्या पिक्सेलच्या खिडकीत सहा ५० आणि तीन २००: सरासरी १००, मीडियन ५०. पलीकडच्या पिक्सेलला सरासरी १५०, मीडियन २००. सरासरीने धारदार कडेचा ५०, १००, १५०, २०० असा उतार केला. मीडियनने कड होती तशी ठेवली. तीन फेऱ्या मारल्या तर तो उतार सहा पिक्सेल रुंद होतो.

गोन्झालेस आणि वूड्स यांच्या पाठ्यपुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत सर्किट बोर्डाचं क्ष-किरण चित्र आहे: ठिपक्यांनी भरलेलं मूळ, ३×३ सरासरी आणि ३×३ मीडियन, शेजारी शेजारी. हेच पुस्तक भाचीच्या अभ्यासक्रमाला आहे. ते पान उघडलं असतं तर कोणाशी वादच घालावा लागला नसता.

तरी कडांबद्दल अर्धा गुण नाइलाजाने देतो. एक पिक्सेल जाडीची रेघ खिडकीत तीनच जागा व्यापते, म्हणून मीडियन ती अख्खी खाऊन टाकतो. काटकोनी कोपऱ्याच्या टोकाला चारच जागा मिळतात, तोही जातो. कमी रिझोल्यूशनने स्कॅन केलेल्या मराठी मजकुरात अनुस्वार २×२ पिक्सेलचा असेल तर तो नॉइजबरोबरच नाहीसा होईल. पण मग अशा स्कॅनला सरासरीही लावू नका, जास्त रिझोल्यूशनने पुन्हा स्कॅन करा.

वेगाचं थोडक्यात: सरासरी जलद आहे, मान्य. पण नऊ आकड्यांचा मधला काढायला पूर्ण सॉर्टिंग लागत नाही, १९ तुलना-अदलाबदलींत काम होतं. आणि मास्क हा शब्द? मास्क म्हणजे वजनांची जाळी. मीडियनला वजनं नसतात, तो कन्व्होल्यूशनने, म्हणजे वजनांनी गुणून बेरीज करून, लिहिता येत नाही, एवढं खरं. पण परीक्षक "३×३ मीडियन मास्क" म्हणाले तर खिडकी असं समजायचं आणि उत्तर द्यायचं.

सरासरी कुठे जिंकते तेही व्हायवात विचारतात. प्रत्येक पिक्सेल थोडाथोडा इकडेतिकडे हललेला असेल, म्हणजे गॉसियन नॉइज, तर कोणी एकटा खोटारडा नसतो. सपाट भागात स्टँडर्ड डेव्हिएशन १२ असेल तर ३×३ सरासरी ते ४वर आणते, मीडियन ५च्या जवळपास. त्यामुळे आधी हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या किमतीचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख, काढा. ० आणि २५५ वर दोन सुळके उभे असतील तर मीडियन.

```
hist = cv2.calcHist([img], [0], None, [256], [0, 256])
out = cv2.medianBlur(img, 3)
```

मीडियनलाही मर्यादा आहे: खिडकीतले पाच किंवा जास्त पिक्सेल एकाच रंगाचे खोटे निघाले की तोच हरतो. मीठ आणि मिरी निम्मी निम्मी धरून एकूण २० टक्के नॉइज असेल, तर सपाट भागात १०,००० पिक्सेलांमागे २,००० ठिपक्यांचे साधारण १८ उरतात. नॉइज ५० टक्के झाला की शंभरातले जवळपास १० उरतात, तिथे ३×३ अपुरा आहे.

आणि हे सगळं मूळ फाइलवर करायचं. भाचीने सराव केला तो ग्रुपवर आलेल्या फोटोवर. तो जेपेगमध्ये दाबून आलेला, कदाचित लहानही केलेला, त्यामुळे एकेका ठिपक्याचा रंग शेजाऱ्यांत आधीच झिरपलेला होता आणि हिस्टोग्रामवरचे सुळके बसलेले. त्यावर मीडियन नीट चालला नाही, म्हणून तिला तो मेसेज पटला. वर्गातल्या मुलीकडून मूळ पीएनजी मागवली आणि medianBlur एकदाच चालवला.