√−१ बद्दलच्या मेसेजचा खुलासा

“x² + १ = ० सुटेना म्हणून गणितज्ञांनी √−१ कल्पनेतून काढला. त्याला प्रत्यक्षात अर्थ नाही.”

दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. त्या समीकरणाला उत्तर नाही, याचं कुणाला दुःख नव्हतं. घोडं अडलं ते x³ = १५x + ४ पाशी. उत्तर साधं ४ आहे (ताळा करा: ६४ = ६० + ४), पण अशी घन समीकरणं सोडवायच्या, इटालियन गणितज्ञ कार्दानोच्या सूत्रात मध्येच √−१२१ उगवतं. १५७२ मध्ये बोंबेल्ली या गणितज्ञाने दाखवलं की त्या सूत्रातली २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांची घनमुळं २ + √−१ आणि २ − √−१ निघतात. बेरीज केली की √−१ उडतो, ४ उरतात.

आणि अर्थ? −१ ने गुणणं म्हणजे शून्याभोवती अर्धा फेरा, √−१ ने गुणणं म्हणजे पाव फेरा. ३ + २√−१ ही संख्या आलेखावर (३, २) हा बिंदू मानली, तर √−१ ने गुणल्यावर तो (−२, ३) वर जातो. पुन्हा गुणा, (−३, −२).

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.