‘स्वस्त संच आधी पूर्ण भरा’: करंट बिलाच्या फॉरवर्डला उत्तर

“वीजकेंद्रात वीज बनवणारे दोन संच चालू असतील तर ज्याची वीज सरासरीने स्वस्त, तो आधी पूर्ण भरायचा आणि उरलेला भार महागड्यावर टाकायचा. हे साधं गणित सोडून दोन्ही अर्धेमुर्धे चालवतात, म्हणून आपलं करंट बिल वाढतं. शिवाय समान वाढीव खर्चाचा नियम तारांतली गळती धरतच नाही. रायचूरहून बेळगावला येणाऱ्या विजेला तो लागू कसा होणार?”

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या गटांत फिरणाऱ्या या मजकुरात खरी गफलत पहिल्याच वाक्यात आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

समजा, अ आणि ब असे २५० मेगावॅटचे दोन कोळशाचे संच आहेत आणि दोन्ही १०० च्या खाली चालत नाहीत. ‘प’ म्हणजे मेगावॅट. तासाचा खर्च रुपयांत असा:

अ: ४०,००० + २००० प + ३ प²
ब: १,२०,००० + २२०० प + २ प²

(आकडे माझे. खऱ्या संचांत वक्र याहून सपाट असतो, त्यामुळे बचतही कमी निघते.)

सरासरी काढली तर अ कायम स्वस्त दिसतो. १५० मेगावॅटला त्याची वीज युनिटला सुमारे २ रुपये ७२ पैसे पडते, तर ब ची ३ रुपये ३० पैसे. आता भार ४०० मेगावॅट आहे. फॉरवर्डप्रमाणे अ वर २५० आणि ब वर १५० टाकले तर तासाचा खर्च १२,२२,५०० रुपये होतो.

पण या जागी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आणखी एक मेगावॅट काढायला किती पैसे लागतील? हा वाढीव खर्च अ साठी २००० + ६ प, आणि ब साठी २२०० + ४ प. म्हणजे अ चा शेवटचा मेगावॅट ३५०० रुपयांना पडतोय आणि ब पुढचा २८०० ला द्यायला तयार आहे. एक मेगावॅट अ वरून ब वर सरकवला की तासाला जवळपास ७०० रुपये वाचतात. पुढच्या प्रत्येक मेगावॅटला ही तफावत १० रुपयांनी आक्रसते आणि ७० मेगावॅट सरकल्यावर संपते. तिथे अ १८० वर, ब २२० वर आणि दोघांचा वाढीव खर्च ३०८० रुपये. दोघांचा वाढीव खर्च सारखा होईपर्यंत भार सरकवायचा, हाच तो समान वाढीव खर्चाचा नियम. एकूण खर्च ११,९८,००० रुपये, म्हणजे तासाला २४,५०० ची बचत. ‘महागडा’ ब जास्त चालवून!

हे घडतं कारण ब ची सरासरी फुगवणारे १,२०,००० रुपये तो संच चालू असेपर्यंत जळतच राहतात, भार कितीही द्या. वाटणी ठरवताना त्यांचा संबंधच येत नाही.

फॉरवर्डवाल्याच्या बाजूने एक सांगायला हवं. खर्चाची रेषा सरळ असली, म्हणजे प्रत्येक युनिटला इंधनाचा एकच दर धरला, तर स्वस्त संच आधी पूर्ण भरणं बरोबरच आहे. पण तो दर सरासरीचा नाही, फक्त इंधनाचा धरावा लागतो.

बिलाचं म्हणाल तर हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीचे दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. संचाची तासातासाची वाटणी त्या खर्चातली एक बाब आहे, बस्स.

गळतीचा आक्षेप मात्र हुशार आहे, फक्त चुकीच्या जागी लावलाय. रायचूरच्या केंद्रात २१० मेगावॅटचे सात आणि २५० चा एक संच आहे. एकाच बसबारवर, म्हणजे केंद्रातल्या एकाच सामाईक वाहकपट्टीवर, जोडलेल्या दोन संचांपैकी कुणाचाही मेगावॅट घ्या, पुढे तोच रस्ता, तीच गळती. बेळगाव कितीही लांब असो, ती या दोघांच्या तुलनेत फरक पाडत नाही. रायचूर आणि बळ्ळारी यांच्यात वाटणी करायची असेल तेव्हा वाट बदलते, आणि मग गळतीमुळे वाढीव खर्चाला गुणक लावावा लागतो.

नियमाच्या मर्यादा फॉरवर्डमध्ये नाहीतच, त्या खऱ्या महत्त्वाच्या. भार ४५० झाला की ब २५० वर टेकतो. ४८० ला अ २३० वर जातो. त्याचा वाढीव खर्च ३३८०, ब चा ३२००. सारखे नाहीत, तरी वाटणी बरोबर आहे, कारण स्वस्त बाजूला जागाच उरलेली नाही. उलट, ज्याला अजून जागा आहे त्याचाच वाढीव खर्च कमी दिसला, तर कुठेतरी चुकलंय असं समजा.

आणि भार २५० वर उतरला तर? नियम म्हणतो अ १२०, ब १३०, खर्च ७,६३,०००. ब बंद करून एकटा अ चालवला तर ७,२७,५००. म्हणजे कुठला संच चालू ठेवायचा, हे हा नियम सांगत नाही. चालू असलेल्यांत भार कसा वाटायचा, एवढंच सांगतो. कोळशाचा संच पुन्हा पेटवायला तास जातात, तेल जळतं, आणि एकटा अ पूर्ण भरलेला असताना हाताशी राखीव काहीच नसतं. संध्याकाळी भार परत चढणार असेल तर तासाचे ३५,५०० रुपये सोसून ब चालू ठेवणंच बहुधा परवडतं.